मदत हवी आहे : विसर्जन मिरवणुकीत आईला सावरणाऱ्या मुलीचे आभार मानायचे आहेत, फोटो आहे, नाव नाही

खानापूरकर_पुण्यात
नमस्कार. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत माझ्या आईला भोवळ आली. एका मुलीने तिला धरलं, बसवलं, पाणी दिलं. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे आहे, मुलीचा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो. तिला शोधून आभार मानायचे आहेत, जमलं तर काहीतरी भेटही द्यायची आहे. बेळगावच्या कुठल्या फेसबुक ग्रुपवर टाकला तर लवकर कळेल? जास्त मेंबर असलेले दोन-तीन ग्रुप सांगा. आजच टाकतो.

टिळकवाडी_एक्सप्रेस
टाका की बिनधास्त. "ही ताई कोण? शेअर करा" असं लिहा. तासाभरात नाव, गाव, कॉलेज सगळं कळेल. आमच्या गल्लीतलं हरवलेलं कुत्रं असंच सापडलं होतं.

शहापूरची_सून
कुत्र्याला कुणी रात्री अकराला मेसेज पाठवत नाही.

खानापूरकर, कृपा करून फोटो टाकू नका. माझ्या भाचीचा असाच एक फोटो फिरला होता. चांगल्याच कारणाने, पूर आलेला असताना कुणाला तरी मदत करत होती ती. दोन दिवसांत तिचं इन्स्टा खातं कुणीतरी हुडकलं आणि पुढे महिनाभर अनोळखी पोरांचे मेसेज येत राहिले. घरच्यांनी तिलाच विचारलं, "तू तिथं गेलीसच कशाला?" मदत तिने केली आणि निस्तरायलाही तिलाच लागलं.

मांडववाला
आधी थोडी माहिती द्या. मिरवणूक कुठल्या भागात होती, अंदाजे वेळ काय, फोटो कुणी काढला, तुमच्याकडे कसा आला, मुलीच्या अंगावर काय होतं, आईसोबत कोण होतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. बेळगावची मिरवणूक या वेळी शनिवारी संध्याकाळी सुरू झाली आणि शेवटची मूर्ती दुसऱ्या दिवशी केव्हातरी गेली. "मिरवणुकीत" म्हणजे कुठं आणि कधी?

सीमावासी
बेळगावात सार्वजनिक गणपती १९०५ पासून आहे, खुद्द टिळकांनी झेंडा चौकात सुरू केलेला. त्या परंपरेत अशी माणुसकी असणारच. मराठी मुलगी असणार, लिहून घ्या.

अनगोळचा_आण्णा
काय बोलालाय ओ, भोवळ आली तर धरायला मराठी-कानडी बघतंय व्हय कोण? विषय काय आणि तुम्ही कुठं चाललासा.

खानापूरकर_पुण्यात
मी तिथे नव्हतो, पुण्यात होतो. आई आणि माझी धाकटी बहीण खानापूरहून गेल्या होत्या. गर्दीत दोघींची चुकामूक झाली, बहीण पोचेपर्यंत आई एका पायरीवर बसलेली होती आणि मुलगी निघून गेली होती. जागा कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या पायथ्याशी. फोटो मामेभावाच्या ग्रुपवर आला, त्याला कुणी पाठवला ते त्याला आठवत नाही. फाइलचं नाव IMG-20250907-WA0031 आहे, म्हणजे सात तारखेचा, रविवारचा. मुलीच्या डोक्याला भगवा फेटा, अंगात पांढरा कुर्ता आणि वर जॅकेट. पाठीवर अक्षरं आहेत पण अर्धीच दिसतात. आई आता ठीक आहे, साखर कमी झाली होती.

तिने आईला पाणी दिलं आणि [संपादित].

संपादक मंडळ
वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य एका सदस्याच्या विनंतीवरून काढलं आहे. कारण ते स्वतः खाली लिहितील.

मांडववाला
विनंती माझी होती. तुम्ही लिहिलेली ती गोष्ट फक्त तुमच्या आईला आणि त्या मुलीला ठाऊक आहे. ती तुमची खूण. उद्या कुणी "ती मीच" म्हणून पुढं आली, किंवा कुणी दुसराच "ती माझी बहीण, भेट माझ्याकडे द्या" म्हणाला, तर त्याला हेच विचारायचं आहे. पाणी दिलं हे फोटोतच दिसतं, ते कुणीही सांगेल. खूण जाहीर झाली की तपासायला हातात काही उरत नाही. इथं किती जणांनी वाचलं कोण जाणे, तेव्हा आईला विचारून दुसरी एखादी बारीक गोष्ट काढा आणि ती लिहू नका.

आता पुढचं. फेटा, पांढरा कुर्ता, जॅकेट म्हणजे ती ढोल-ताशा पथकातली आहे. मंडळाची कार्यकर्ती नव्हे. मंडळवाले टी-शर्ट घालतात आणि गळ्यात बिल्ला असतो. हा फरक महत्त्वाचा, कारण पथक मंडळाच्या मालकीचं नसतं, मंडळ त्याला मानधन देऊन बोलावतं. वादक मुलामुलींची यादी असते पथकप्रमुखाकडे. मंडळाच्या सेक्रेटरीकडे फक्त प्रमुखाचा नंबर. तेव्हा वाट अशी : मंडळ, मग पथकप्रमुख, मग ती मुलगी. आणि या वाटेनं निरोप फक्त तिकडं जाईल. तिचं नाव इकडं येणार नाही, ते मागायचंही नाही. तिला वाटलं तर ती देईल.

टिळकवाडी_एक्सप्रेस
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? चेहऱ्यावरून शोधणाऱ्या वेबसाइट आहेत. फोटो टाकला की प्रोफाइल येतं.

कॅमेरावाला_बंड्या
येतं, पण कुणाचं ते सांगता येत नाही. अशा ठिकाणी सारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांची रांग येते. त्यात फेट्याने कपाळ झाकलेलं, रात्रीचा पिवळा उजेड किंवा तोंड जरा वळलेलं असलं तर विचारूच नका. पहिलं नाव भलतीच्याच मुलीचं निघालं की तिच्या दारात जाणार का भेट घेऊन? शिवाय तिचा चेहरा तुम्ही कुणाच्या तरी साठ्यात कायमचा टाकून येता.

बरं, माझं क्षेत्र फोटोचं म्हणून सांगतो. WA असलेल्या फाइलच्या नावातली तारीख ही फोटो काढल्याची नव्हे. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या फोनमध्ये आला त्या दिवसाची असते. मागचा आकडा त्या दिवसाचा क्रमांक. मूळ फोटोतली वेळ, जागा वगैरे माहिती व्हॉट्सअ‍ॅप पाठवतानाच काढून टाकतं. म्हणजे फोटो शनिवारी रात्री दहाचाही असू शकतो. वेळ चुकली तर पथक चुकेल, कारण त्या पुलापाशी दर थोड्या वेळाने नवं मंडळ येतं.

भावाला सांगा, ग्रुपवर ज्याने टाकला त्याला विचार, त्याने पुढच्याला. दोन-तीन टप्प्यांत मूळ माणूस सापडतो. तो सापडला की एकच फोटो मागू नका. आम्ही गर्दीत एक फोटो काढून थांबत नाही, सात-आठ सलग काढतो. त्याच्यासमोर बसून आधीचे-नंतरचे बघा. मूर्ती किंवा मंडळाचा फलक एखाद्यात हमखास सापडतो.

निवृत्त_मास्तर
महोदय, आपण विषय उगाच अवघड करीत आहात. केंद्र सरकारची राहवीर योजना आहे. जखमीस मदत करणाऱ्यास २५ हजार रुपये व प्रशस्तिपत्र मिळते. पोलिसांकडे अर्ज करा, ते मुलीचा शोध घेतील व तिचा सत्कारही होईल. तसेच कायद्याने मदतनीसाचे नाव विचारता येत नाही, हेही लक्षात असावे.

कोर्टरोड
मास्तर, दोन्ही गोष्टी आहेत पण या धाग्यावरच्या नाहीत. राहवीर योजना रस्ता अपघातातल्या गंभीर जखमींना पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्यांसाठी आहे. आधी ५ हजार होते, २०२५ मध्ये २५ केले. साखर कमी होऊन आलेली भोवळ त्यात बसत नाही. आणि नाव न सांगण्याचं संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमात आहे, २०१९ च्या दुरुस्तीतलं. तेही मोटार अपघातापुरतं, पोलीस किंवा दवाखान्याने सक्ती करू नये म्हणून. घरच्यांनी आभार मानायला नाव विचारलं तर तो काही गुन्हा नाही. पण अनोळखी मुलीच्या मागे पोलीस लावून आभार मानायचे ही कल्पना मला तरी पटत नाही. दारात खाकी वर्दी दिसल्यावर तिच्या आईबापाची काय अवस्था होईल?

निवृत्त_मास्तर
सत्कारासाठी गेलेले पोलीस असे स्पष्ट सांगतील ना.

कोर्टरोड
सांगतील हो. शेजारी तोवर काय ते ठरवून मोकळे होतील.

नंदगडचा_पाहुणा
खरं म्हणजे मंडळावर तक्रार करायला हवी. पुलापाशी पाण्याची सोय नाही, प्रथमोपचार नाही. ग्राहक मंचात जाता येईल का?

शहापूरची_सून
पाहुणे, त्यांना तक्रार करायची नाही, धन्यवाद द्यायचे आहेत.

खानापूरकर_पुण्यात
मूळ फोटो काढणारा सापडला! बहिणीच्या ओळखीतल्याच एका मुलाचा मित्र, हौशी फोटोग्राफर. त्याने सलग फोटो दाखवले. आधीच्या एका फोटोत मागे मंडळाचा फलक आहे आणि वेळ रात्री पाऊणच्या आसपास. त्याने त्याच्या पेजवर टाकलेला फोटो आपणहून काढून टाकला, आईचा चेहराही दिसत होता म्हणून. मंडळ कुठलं ते कळलं, इथे लिहीत नाही. आता फोटो थेट सेक्रेटरींना व्हॉट्सअ‍ॅप करू का? नंबर मिळाला आहे.

मांडववाला
पाठवू नका. सेक्रेटरी तो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकतील, चांगल्या मनानंच. तिथून जिकडं जायचा तिकडं जाईल. बहिणीला प्रत्यक्ष भेटायला सांगा आणि फोटो तिच्याच फोनवर दाखवू दे. दाखवून फोन परत खिशात. विसर्जनानंतर मंडळाची हिशेबाची बैठक असते, त्याच्या आसपास सगळे निवांत भेटतात.

निरोप मात्र लेखी द्या, तोंडी निरोप वाटेत बदलतो. मी असा लिहिला असता :

"शनिवार ६ सप्टेंबरच्या विसर्जन मिरवणुकीत, मध्यरात्रीनंतर, कपिलेश्वर उड्डाणपुलापाशी एका वयस्क बाईंना भोवळ आली. आपल्या पथकातल्या कुणी त्यांना सावरलं असेल तर घरच्यांकडून मनापासून धन्यवाद. त्या आता बऱ्या आहेत. आम्हाला नाव, नंबर, पत्ता नको. निरोप पोचला एवढं पथकप्रमुखांनी सांगितलं तरी पुरे. स्वतःहून बोलावंसं वाटलं तर पथकप्रमुखांमार्फत कळवावं. नाही कळवलं तरी काही हरकत नाही."

बघा, यात आईचं नाव नाही, गाव नाही, आजार नाही, भेटीचा उल्लेख नाही. भेटीचं लिहिलंत तर तीन जणी पुढं येतील, नाहीतर खरी असेल ती संकोचून गप्प बसेल. पथकप्रमुखांना सांगा, वाद्यं मोजायला सगळे जमतील तेव्हा हे सगळ्यांसमोर वाचा, कुणाकडं बोट दाखवू नका. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर पुढचं जे काही असेल ते तिच्या घरच्यांशी बोलून.

आठवण एकदाच करायची, आठ-पंधरा दिवसांनी. त्यानंतर विषय सोडून द्यायचा.

टिळकवाडी_एक्सप्रेस
आणि उत्तरच आलं नाही तर?

मांडववाला
तर ते तिचं उत्तर.

अनगोळचा_आण्णा
कानडीत पण लिवा की एक ओळ. आमच्या अनगोळच्या पथकात निम्मी पोरं घरात कानडीच बोलत्यात. "नम्म तायिगे सहाय माडिदवरिगे धन्यवादगळु." एवढं बास.

सीमावासी
निरोप मराठीतच असावा. आपणच कानडीत लिहायला लागलो तर बाकीच्यांना काय बोलणार?

शहापूरची_सून
निरोप ज्याच्यासाठी आहे त्याला कळायला हवा की नको? मराठी ठेवा, खाली कानडी ठेवा. संपला विषय.

सीमावासी
विषय सत्तर वर्षांत संपला नाही, तुम्ही एका ओळीत संपवालाय.

संपादक मंडळ
भाषेचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या. इथले यापुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

बुट्टीभर_चिरमुरे
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. गेल्या वर्षी चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत माझं पाकीट परत देणारा एक माणूस होता, त्याचाही फोटो आहे. तिथे मंडळ नाही, पथक नाही. कुणाकडे जाऊ?

मांडववाला
देवस्थानच्या कार्यालयात वरचाच निरोप लिहून द्या, फोटोशिवाय. वर्ष झालं म्हणता, फार आशा ठेवू नका. वेगळा धागा काढलात तर बरं.

खानापूरकर_पुण्यात
अपडेट. बहीण मंडळात जाऊन आली. सेक्रेटरी म्हणाले, "मुलीला पुढच्या वर्षी आरतीच्या वेळी स्टेजवर बोलवू, शाल-श्रीफळ देऊ, पेपरात फोटो देऊ." बहिणीने नको म्हटल्यावर थोडे नाराज झाले. पण निरोप पथकप्रमुखांकडे पोचवला. दोन्ही भाषांत लिहिला होता.

पथकप्रमुखांचा बहिणीला काल फोन आला. निरोप वाचल्यावर दोघी पुढे आल्या. बहिणीने आईने सांगितलेली नवी खूण विचारली. एकीला सांगता आली नाही. ती म्हणाली, मी फक्त गर्दी मागे सारत होते. दुसरीने बरोबर सांगितली. तिला भेटायचं नाही, नंबर द्यायचा नाही, आणि स्टेजबिज तर अजिबात नको. पथकात वाजवते हे तिच्या आजोळी माहीत नाही म्हणे. आईच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चालेल का विचारलं, ती चालेल म्हणाली. आईने लिहिली, बहीण पथकप्रमुखांकडे देऊन येणार आहे.

पण त्या मुलीने एक नवीनच सांगितलं. ती म्हणाली, "मी दोन मिनिटं होते, मला परत ताशावर जायचं होतं. आजींना आधी धरलं ते एका बाईंनी, आणि मी गेल्यावरही त्याच बसून होत्या." आईला विचारलं तर आईला आठवलं. कुणीतरी "अज्जी, नीर कुडीरी" म्हणत होतं. आईला वाटत होतं ती हीच मुलगी. फोटोग्राफरच्या एका फोटोत कडेला हिरव्या साडीतला हात आणि फुलांची बुट्टी दिसते. चेहरा नाही. म्हणजे आम्ही जिला शोधत होतो ती अर्धीच होती. आता त्या बाईंना कसं शोधू? त्यांच्यासाठी मंडळ नाही की पथक नाही.

कॅमेरावाला_बंड्या
हेच होतं. कॅमेऱ्यासमोर येतो तो मदत करणारा, आणि चौकटीबाहेरचा कुणाला ठाऊक नाही. तरी बरं, सलग फोटो बघितलेत.

टिळकवाडी_एक्सप्रेस
यांचा चेहराच नाही फोटोत. आता तरी फेसबुकवर टाकायला हरकत नाही ना?

शहापूरची_सून
हिरवी साडी, फुलांची बुट्टी, कपिलेश्वर. एवढ्यावर निम्मं बेळगाव त्यांना ओळखेल. चेहरा नसला म्हणून काय झालं?

अनगोळचा_आण्णा
कपिलेश्वराच्या देवळाच्या वाटेवर फुलं विकणाऱ्या बायका बसत्यात. सोमवारी शंकराचा वार, त्या दिवशी सगळ्याजणी असत्यात. बहिणीला सांगा, आईलाच घेऊन जा. फुलं घ्या आणि कानडीत विचारा, "त्या रात्री इथं एका अज्जीला चक्कर आली होती, कोण होतं ओ?" त्या आपापसात एकमेकीला चांगल्या ओळखत्यात. फोटो दाखवायचा नाही, चौकशी आली की काय, असं वाटून गप्प बसतील. आई समोर असली की काम होतंय.

मांडववाला
आण्णांचं बरोबर, फक्त एक. बाजारात सगळ्यांसमोर पैसे देऊ नका. बाकीच्या बायका बघत असतात, पुढं त्यांच्यात बोलणं होतं. फुलं घ्या, नेहमीच्याच भावानं.

निवृत्त_मास्तर
मग त्या माउलीला काहीच द्यायचे नाही का? हे योग्य वाटत नाही.

शहापूरची_सून
मास्तर, त्यांनाच विचारू दे ना काय हवंय ते. आपण पुण्यात आणि शहापुरात बसून कशाला ठरवायचं?

खानापूरकर_पुण्यात
आई सोमवारी जायला तयार आहे, बहिणीला सुट्टी मिळते का बघतोय. आण्णा, "कोण होतं ओ" हे कानडीत कसं विचारायचं? आईला थोडं येतं, बहिणीला अजिबात नाही.

अनगोळचा_आण्णा
"यारिद्री?" म्हणा. आणि मग थोडं गप्प राहा, त्याच सांगतील.

बुट्टीभर_चिरमुरे
चिंचलीच्या देवस्थानचं कार्यालय रविवारी उघडं असतं का? कुणाला माहीत असेल तर सांगा.